भिंतीवरचा ८० सेंटीमीटरचा पट्टा: मुलांना ओव्हरहॅण्ड सर्व्हिस कशी शिकवावी

व्हॉलीबॉल शिकायला आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात एंड लाइनमागे उभं करून "मार सर्व्हिस" म्हटलं की काय होतं, ते मी बरीच वर्षं पाहतोय. नेट तिथून ९ मीटरवर. मुलाला ते फार लांब वाटतं. चेंडू कसाही करून पोहोचवायचा म्हणून तो अंग मागे टाकतो, टॉस डोक्याच्याही मागे उडवतो, मूठ आवळतो आणि सगळा जीव लावून मारतो. दहातला एखादा चेंडू पलीकडे पडतो, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि नेमकी तीच चुकीची पद्धत अंगवळणी पडते. पुढे ती मोडून काढायला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. आधी भिंत, मग अर्धं कोर्ट, आणि अगदी शेवटी एंड लाइन. हात सुधारला की अंतर वाढतं. अंतर वाढवून हात सुधारत नाही. खाली दिलेला क्रम मी बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींसाठी वापरतो. आठवड्यातून तीनदा सराव असेल तर भिंतीपासून कोर्टापर्यंत यायला साधारण तीन ते चार आठवडे लागतात. सगळं वर्णन उजव्या हाताने मारणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून घ्यावी.

आधी पट्टा आखून घ्या

शाळेची किंवा समाजमंदिराची मागची सपाट भिंत बघा, जिथे काच नाही आणि समोर नऊ-दहा मीटर मोकळी जागा आहे. त्या भिंतीवर खडूने किंवा गेरूने दोन आडव्या रेघा मारायच्या. खालची रेघ नेटच्या उंचीवर. मोठ्या महिलांच्या सामन्यात नेट २.२४ मीटरवर असतं आणि पुरुषांच्या सामन्यात २.४३ मीटरवर, तुमची मुलं ज्या उंचीवर खेळणार असतील ती घ्या. वरची रेघ तिच्याहून ८० सेंटीमीटर वर. हा आकडा मनाने काढलेला नाही. नेटच्या दोन्ही टोकांना जे लाल-पांढरे अँटेना लावतात, ते नेटच्या वर ८० सेंटीमीटरच असतात. म्हणजे भिंतीवर जो पट्टा दिसतोय, तोच पुढे कोर्टावर दोन अँटेनांच्या मध्ये दिसणार आहे. मुलाची नजर पहिल्या दिवसापासून त्याच जागेवर बसते.

या पट्ट्यातून जाणारी सर्व्हिस नेमकी कशी असते, याचा एक ढोबळ हिशेब सांगतो. समजा मुलीचा हात चेंडूला २ मीटर उंचीवर लागला. चेंडू नेटवरून सुमारे २.८ मीटर उंचीने गेला आणि समोरच्या एंड लाइनच्या २ मीटर आत पडला. असा चेंडू सगळ्यात उंच असतो तो नेटवर नाही, तर नेटच्या सुमारे ३ मीटर अलीकडे, म्हणजे आपल्याच कोर्टातल्या अटॅक लाइनच्या डोक्यावर. तिथे त्याची उंची जेमतेम ३ मीटर असते, आणि नेट ओलांडताना तो खाली यायला लागलेला असतो. मुलं मात्र सहसा चेंडू आभाळात चढवतात. तो नेटच्या बराच वरून जातो, समोरच्याला खाली येऊन उभं राहायला भरपूर वेळ मिळतो, आणि आपली सर्व्हिस म्हणजे त्याला दिलेला झेल होतो. पट्टा आखला की ही खोड सुरुवातीलाच दिसते.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. भिंतीपासून पाच-सहा मीटरवर उभं असताना चेंडू पट्ट्याच्या वरच्या कडेला लागला तर बरोबर आहे. नऊ मीटरवरून तो मध्यावर लागायला हवा. मुलांना हे अंतर बदलताना सांगावं लागतं, नाहीतर जवळून मारताना ती उगाच खाली मारायला लागतात.

चेंडूत हवा किती

नियमाप्रमाणे चेंडूचं वजन २६० ते २८० ग्रॅम आणि घेर ६५ ते ६७ सेंटीमीटर असतो. वजन-घेर आपण मोजत बसत नाही, पण हवा बघायलाच हवी. बऱ्याच ठिकाणी सरावाचे चेंडू टणक फुगवलेले असतात. असा चेंडू तळहाताला झोंबतो, मुलं हात आखडता घेतात, आणि आपण समजतो की जोर नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर चेंडू थोडा आत गेला पाहिजे.

टॉस: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पहिले तीन-चार दिवस मी मुलांना चेंडू मारूच देत नाही. फक्त टॉस.

डावा पाय पुढे, पंजा लक्ष्याकडे. उजवा पाय मागे, वजन त्यावर थोडं जास्त. चेंडू डाव्या तळहातावर, उजव्या खांद्याच्या समोर, हात जवळजवळ सरळ. आता तो हात खांद्यातून वर न्यायचा, फळीवर भरलेला डबा ठेवावा तसा. मनगटाने उडवायचा नाही, बोटांनी फिरवायचा नाही. चेंडू हातातून सुटताना गिरकी न घेता वर गेला पाहिजे. उंची किती? उजवा हात पूर्ण वर केल्यावर तळहात जिथे पोहोचतो, त्याच्या वर दीड-दोन चेंडूंएवढी. टीव्हीवर उडी मारून सर्व्हिस करणारे खेळाडू चेंडू खूप उंच उडवतात आणि मुलं तेच करायला जातात. उभं राहून मारायच्या सर्व्हिसला तेवढी उंची नुकसानच करते: चेंडू जितका उंच, तितका तो वाऱ्याने सरकतो आणि तितका वेगाने खाली येतो.

टॉस बरोबर आहे की नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही. जमिनीला विचारावं लागतं. डाव्या पायाच्या पंजापुढे साधारण एक पाऊलभर अंतरावर, उजव्या खांद्याच्या रेषेत, अर्धा मीटर रुंदीचं एक वर्तुळ फक्कीने काढा. मुलाने टॉस करायचा, उजवा हात मारण्यासाठी मागे घ्यायचा, पण मारायचं नाही. चेंडू खाली पडू द्यायचा. वर्तुळात पडला की एक गुण. दहापैकी आठ आले, आणि सलग दोन वेळा आले, की पुढे. बहुतेक मुलांची सुरुवात दहापैकी तीन-चारने होते, आणि त्यांना स्वतःलाच धक्का बसतो. जोडी करून एकाने टॉस करायचा आणि दुसऱ्याने आकडा सांगायचा, म्हणजे मोजणी प्रामाणिक राहते.

या वयात मुलं पटापट उंच होतात. जूनमध्ये पक्का बसलेला टॉस दिवाळीनंतर अचानक बिघडला तर मुलाने सराव सोडला असं समजू नका. हात लांब झालेला असतो, वर्तुळ तेच राहिलेलं असतं. पुन्हा दोन दिवस टॉसचे द्या.

हात चेंडूला कसा लागतो

आता मारायचं, पण भिंतीपासून तीन-चार मीटरवरून आणि टॉसशिवाय. डाव्या हातात चेंडू डोक्याच्या थोडा वर, उजव्या खांद्यासमोर धरायचा. उजवं कोपर खांद्याच्या उंचीवर मागे, तळहात उघडा, बोटं थोडी पसरलेली. मग डाव्या हातातल्या चेंडूवरच मारायचं. मनगट कडक ठेवायचं आणि चेंडूला लागल्याबरोबर हात तिथेच थांबवायचा, दारावर थाप मारल्यासारखा. खाली मांडीपर्यंत हात ओढला की मनगट वाकतं आणि चेंडू फिरत सुटतो.

न फिरणाऱ्या चेंडूसाठी एवढा आटापिटा का? फिरणारा चेंडू हवेतून ठरलेल्या वाटेने जातो आणि समोरच्याला त्याची सवय असते. अजिबात न फिरणाऱ्या चेंडूच्या पृष्ठभागावरून हवा सारखी वाहत नाही, त्यामुळे तो वाटेत डुलतो, शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये एका बाजूला सरकतो किंवा एकदम खाली बसतो. घेणाऱ्याचे हात बांधलेले असतात एका जागी आणि चेंडू येतो दुसऱ्या. ही फ्लोटर सर्व्हिस कमी ताकदीच्या मुलालाही जमते, म्हणून आधी तीच शिकवावी.

हात कुठे लागतोय हे दाखवायला माझी एक साधी युक्ती आहे. मुलाच्या तळहाताला थोडी फक्की चोळायची आणि एकच चेंडू मारायला लावायचा. मग चेंडू हातात घेऊन ठसा बघायचा. तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग आणि तळहाताचा मधला भाग स्वच्छ उमटला पाहिजे, बोटांचे ठसे फिकट. फक्त पाच बोटं उमटली असतील तर चेंडू पुढे निसटला होता. अर्धाच तळहात उमटला असेल तर चेंडू बाजूला होता. मुलं हा ठसा पाहण्यासाठी अक्षरशः रांग लावतात, आणि मला दहा वाक्यं बोलावी लागत नाहीत. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत, एवढं मात्र आठवणीने सांगा. कानही लावा: बरोबर लागलेल्या चेंडूचा आवाज भरीव, एकच येतो, बोटांवर लागलेला फटकन वाजतो.

भिंतीपासून मागे सरकणं

टॉस आणि हात वेगवेगळे जमले की ते जोडायचे, भिंतीपासून ५ मीटरवर. टॉस, मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर, कंबर आणि खांदा लक्ष्याकडे वळतो, कोपर वरून पुढे येतं, हात थांबतो. दहा चेंडू मारायचे आणि पट्ट्यात किती लागले ते मोजायचं. आठ लागले की एक मीटर मागे. पाचपेक्षा कमी लागले की एक मीटर पुढे, कितीही कंटाळा आला तरी. मधलं काही असेल तर तिथेच राहायचं. बिघडलेला टॉस मारायचाच नाही, झेलून परत करायचा, हा भिंतीजवळचा नियम आहे.

भिंत आणखी एक गोष्ट सांगते. सरळ मारलेला चेंडू सरळ परत येतो. तो सतत मुलाच्या डाव्या हाताला परत येत असेल तर हात छातीवरून आडवा जातोय किंवा टॉस डोक्यावर येतोय. उजवीकडे येत असेल तर कंबर वळलेली नाही, फक्त हात आला. मुलं शेजारी शेजारी असतील तर दोघांत किमान ३ मीटर सोडा. परत येणारे चेंडू पायात येऊन घोटे मुरगळतात.

इथे एका मुलीचं उदाहरण सविस्तर सांगतो. ती आठवीत होती, अंगाने बारीक. सहा मीटरपर्यंत छान आली आणि सातव्या मीटरवर अडकली. दहातले सहा-सात चेंडू पट्ट्याच्या खाली. ती मला म्हणाली, "सर, माझ्यात जोरच नाही. मी घरी डिप्स मारते आता." तिच्या आईचंही तेच मत होतं. मी तिला सात मीटरवर उभं केलं, पण चेंडू मारू न देता पुन्हा वर्तुळाची परीक्षा घेतली. पाच मीटरवर असताना ती दहापैकी नऊ टाकायची. आता दहापैकी चार, आणि चुकलेले सहाच्या सहा वर्तुळाच्या पुढे. कारण कळलं. अंतर वाढल्यावर जास्त जोर लावायचा म्हणून ती टॉस पुढे फेकून त्याच्यामागे धावत होती. चेंडू पुढे गेला की हात त्याच्या वरच्या अंगाला लागतो आणि तो खाली जातो. जोर भरपूर होता, दिशा जमिनीकडे होती. तिला दोन दिवस सात मीटरवरून फक्त टॉस आणि एक पाऊल, एवढंच दिलं: आधी छोटं डावं पाऊल पुढे, ते टेकताना टॉस, मग मार. पाऊल मिळाल्यावर अंगाला पुढे जाण्याची वाट मिळाली आणि टॉसला पुढे पळायची गरज उरली नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती नऊ मीटरवरून दहापैकी सात पट्ट्यात लावत होती. डिप्सची गरज पडली नाही.

उलट चूकही तितकीच सर्रास असते: टॉस डोक्यामागे, पाठ कमानीसारखी, हात चेंडूच्या खाली, चेंडू पट्ट्याच्या बराच वर. उपाय तोच, वर्तुळ. चेंडू खाली गेला किंवा वर गेला, तरी "हात असा कर, तसा कर" म्हणण्याआधी टॉस पाडून बघा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा उत्तर जमिनीवरच सापडतं.

कोर्टावर

पहिल्या दिवशी नेटपासून ६ मीटरवर, म्हणजे अटॅक लाइनच्या ३ मीटर मागे उभं करा. दोन्ही अँटेनांच्या टोकांना सुतळी बांधा. अँटेना नसतील तर खांबांना बांबूच्या काठ्या बांधून चालतं. नेट आणि सुतळी यांच्यामधून चेंडू गेला पाहिजे. कुठे पडला याची अजून काळजी नाही. मागे सरकायचा हिशेब भिंतीसारखाच, आठ आणि पाचचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना नेट १५-२० सेंटीमीटर खाली घेतलं तरी बिघडत नाही, पण मग भिंतीवरचा पट्टाही त्याच उंचीला हवा.

एंड लाइनमागे आल्यावर तीन नियम लगेच लावा. मारताना पाय रेषेवरही नको. रेषेला स्पर्श म्हणजे चूक. पंचांच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांत सर्व्हिस व्हायला हवी. आणि टॉस एकदाच: हातातून सोडलेला चेंडू परत झेलून पुन्हा टाकता येत नाही. भिंतीजवळ दिलेली सूट इथे संपते. बाहेरच्या मैदानावर समोरून वारा असेल तर टॉस आणखी बुटका करायला सांगा आणि लक्ष्य मागच्या रेषेकडे. पाठीमागून असेल तर मधलं कोर्ट.

नेमाचे खेळ

लक्ष्य देण्याआधी जागांचे आकडे समजावून सांगा, कारण इथे हमखास घोळ होतो. समोरच्या संघाची १ नंबरची जागा त्यांच्या उजव्या हाताला मागे असते, म्हणजे आपल्या सर्व्हिस करणाऱ्याच्या डाव्या बाजूला. ५ नंबर आपल्या उजवीकडे, ६ मध्ये. मुलांना पलीकडे नेऊन, त्या जागेवर उभं करून आकडा म्हणायला लावला की तो डोक्यात बसतो.

पहिला खेळ आम्ही "कैदी" म्हणतो. दोन संघ, दोन्ही एंड लाइनांवर. ज्याची सर्व्हिस नेटमध्ये किंवा बाहेर गेली, तो पळत पलीकडच्या कोर्टात जाऊन खाली बसतो. त्याच्या संघातल्या कुणी त्याच्याकडे सर्व्हिस मारली आणि त्याने बसल्या बसल्या झेलली, तर तो सुटतो. ज्या संघाचे सगळे कैदी झाले तो हरला. या खेळात मुलं आपोआप नेम धरायला लागतात, कारण मित्र कोपऱ्यात बसलेला असतो आणि ओरडत असतो. एकच दक्षता: बसलेल्यांची नजर सतत सर्व्हिस करणाऱ्याकडे हवी, आणि एका संघाने एका वेळी दोनच चेंडू वापरावेत.

दुसरा खेळ गोणपाटांचा. १, ६ आणि ५ या जागांवर, एंड लाइनच्या दीड-दोन मीटर आत, एकेक पोतं पसरा. सुतळीच्या खालून जाऊन कोर्टात पडलेल्या चेंडूला १ गुण, मागच्या ३ मीटरमध्ये पडला तर २, पोत्यावर पडला तर ५. सर्व्हिस चुकली तर २ गुण वजा. आधी २१ करणारा जिंकला. वजाबाकी महत्त्वाची आहे. ती नसेल तर मुलं पाच गुणांच्या मागे लागून दहातले सात बाहेर मारतात आणि तरीही जिंकतात. वजाबाकी असली की ती कधी पोत्यावर मारायचं आणि कधी नुसतं आत ठेवायचं याचा विचार करू लागतात.

तिसरा खेळ दमलेल्या पायांचा. मुलगा अटॅक लाइनपासून एंड लाइनपर्यंत दोनदा पळतो, चेंडू घेतो, मी फळ्यावरचा गुण ओरडतो, "बावीस-तेवीस!", आणि शिट्टी वाजवतो. आठ सेकंदांत मी सांगितलेल्या जागेवर सर्व्हिस. आधीच्या साथीदाराची सर्व्हिस चुकली असेल तर या मुलाला जागा सांगत नाही. त्याने फक्त आत टाकायची. लागोपाठ दोन सर्व्हिस गमावल्या की संघ कसा ढासळतो हे त्यांनी सामन्यात पाहिलेलं असतं.

खेळ रंगात आले की मुलं थांबत नाहीत, म्हणून मोजणी तुम्ही ठेवायची. मी एका सत्रात पूर्ण अंतरावरच्या सर्व्हिस मुलामागे ४० च्या वर जाऊ देत नाही, आणि भिंतीवरचे चेंडू त्यातच धरतो. सुरुवातीला खांदे फिरवून, टेनिस चेंडूचे दहा-बारा थ्रो करून मगच मारायचं. खांद्याच्या पुढच्या भागात किंवा कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय असं कुणी म्हणालं, तर त्या दिवशी त्याच्या हातून एकही सर्व्हिस नाही. त्याला पोत्यामागे उभं करून गुण मोजायला द्या, आणि दोन-तीन दिवसांत दुखणं गेलं नाही तर डॉक्टरांकडे पाठवा. परत आल्यावर त्याची सुरुवात एंड लाइनवरून नाही, भिंतीपासून पाच मीटरवरून करायची.